प्रतिकार कोणाचा?

शनिवारी संध्याकाळी साताऱ्याहून आमच्या शेजारच्या काकांचा व्हॉट्सॅप आला. सोबत आजींच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टची पीडीएफ होती. "डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर यात काय लिहिलंय ते मराठीत सांग. तू इंजिनिअर आहेस." मी कोड लिहितो. पण आमच्या गल्लीत इंग्रजी कागद वाचायला तेवढी पात्रता पुरते.

रिपोर्ट सोपा वाटला. वर जंतूचं नाव होतं, ई. कोलाय. खाली अँटिबायोटिक्सची यादी, प्रत्येकापुढे एक आकडा आणि एक अक्षर: एस किंवा आर. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, आर म्हणजे रेझिस्टंट. मी पाच मिनिटांत भाषांतर पाठवलं. सेन्सिटिव्हला 'संवेदनशील', रेझिस्टंटला 'प्रतिकारक'.

काकांचं उत्तर आलं, "सेफिक्झिम प्रतिकारक आहे म्हणजे बरं झालं. आईला तीच गोळी चालू आहे, तीच ठेवतो. संवेदनशील आहेत त्या टाळतो, उगाच अंगावर पुरळ यायचं."

शब्दकोशाप्रमाणे माझं एकही उत्तर चुकलं नव्हतं. तरी काकांच्या हाती सगळा तक्ता उलटा पडला होता. आणि चूक त्यांची नव्हती. मराठीत 'प्रतिकार' हा चांगला शब्द आहे. रोगप्रतिकारक शक्ती वाढावी म्हणून आपण च्यवनप्राश खातो. आणि 'संवेदनशील' म्हटलं की दात आठवतात, नाहीतर ॲलर्जी. तक्त्यातल्या वाक्याला कर्ताच नव्हता, तो काकांनी आपल्या समजुतीने घातला. खरा कर्ता जंतू आहे. प्रतिकार तो करतो, औषध नव्हे, आजीही नव्हेत.

मी लगेच फोन केला. "काका, आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. एस म्हणजे देतो. सेफिक्झिमपुढे आर आहे."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चार दिवस वाया गेले?" आणि मग, "बरं, एसवाल्यांत सगळ्यात भारी कुठली? आकडा सगळ्यात छोटा असेल ती ना?"

आता मला अंदाजाने बोलायचं नव्हतं. रिपोर्टखाली लॅबचा नंबर होता. मायक्रोबायोलॉजिस्ट बाईंनी शांतपणे समजावलं. तो आकडा एमआयसी. जंतूची वाढ थांबवायला औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागलं, ते तो सांगतो. पण प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी. आजींच्या तक्त्यात नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६ किंवा कमी आणि मेरोपेनेमपुढे ०.२५ किंवा कमी असं होतं. पहिल्याची एसची रेषा ३२ वर, दुसऱ्याची १ वर. प्रत्येक आकडा आपापल्या रेषेशीच ताडायचा. १६ आणि ०.२५ एकमेकांशी ताडून पाहणं म्हणजे किलोमीटर आणि किलोमधला मोठा कोण, हे विचारणं.

मग त्यांनी मला विचारलं, "ताप आहे का? थंडी वाजते? कंबरेच्या वर पाठीत दुखतं?" तिन्ही होतं. त्या म्हणाल्या, "नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण रक्तात आणि किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असेल, तर एस असूनही ते उपयोगाचं नाही. सोमवारपर्यंत थांबू नका."

म्हणजे तक्त्यातला एस खरा होता, पण तो काचेच्या भांड्यातला. आजींचा ताप त्या कागदावर कुठेच नव्हता.

मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुझी आजी असती तर तू कुठली दिली असतीस?"

हा प्रश्न मला अजून छळतो. आधी मी शब्दाला शब्द ठेवून जबाबदारी झटकली होती, आणि त्या प्रामाणिकपणाने आजींची चुकीची गोळी चालूच राहिली असती. आता बरोबर अर्थ कळल्यावर पुढचं पाऊल टाकून औषध निवडायचा मोह होत होता. दोन्हींत खोट एकच: कागद जेवढं सांगतो, त्याहून कमी किंवा जास्त मी काकांपर्यंत पोचवत होतो. भाषांतर करणाऱ्याने वाचणाऱ्याच्या डोक्यात काय उतरलं ते तपासलंच पाहिजे. पण त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

"काका, ते मी सांगू शकत नाही. पण कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते लिहून पाठवतो. ते घेऊन आत्ताच दवाखान्यात जा."

मी लिहिलं: 'सेफिक्झिमने हा जंतू आटोक्यात येत नाही. खाली टिक केलेल्या औषधांना लॅबमध्ये तो दाद देतो. त्यातलं कुठलं द्यायचं ते या कागदावरून ठरत नाही. थंडीताप, पाठदुखी आणि किडनीचे जुने रिपोर्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.'

या वेळी पाठवून थांबलो नाही. "काका, काय कळलं ते मला तुमच्या शब्दांत सांगा," म्हणालो. त्यांनी सांगितलं. रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आजींना दाखल करून घेतलं, क्रिएटिनिन पाहिलं आणि एर्टापेनेमचं इंजेक्शन सुरू केलं. तक्त्यात त्यापुढेही एसच होता.