ट्रायलची तारीख

कोकणातल्या केळशीसारख्या गावात मे महिन्यात घेतलेल्या मापांचे कपडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंगावर चढतात. चाकरमानी सुट्टीत कापड टाकून मुंबईला जातात आणि गणपतीला आले की शिवलेले कपडे नेतात. अशा ऑर्डरीची नोंद ठेवणं रोजच्या गिऱ्हाइकाच्या नोंदीपेक्षा अवघड असतं.

पावतीच्या नंबराने वही ठेवली की पुरे, असं बरेच कारागीर म्हणतात. पावती घेऊन गिऱ्हाईक आलं की पान लगेच सापडतं, हे खरंच. पण नंबर फक्त ऑर्डर कधी आली ते सांगतो. आज मशीनवर काय घ्यायचं ते सांगत नाही. ते ट्रायलच्या तारखेवरून ठरतं. म्हणून पावती नंबराने लावावी आणि काम ट्रायलच्या तारखेने. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाखाली पावतीचा नंबर लिहिला, तरी भागतं.

समजा, अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई 500 रुपये ठरली. 2025 साली गणेशचतुर्थी 27 ऑगस्टला होती. गिऱ्हाईक 23 तारखेला गावी पोचणार, तर ट्रायल 24 ला आणि कपडा 26 ला. पावतीवर छाती 36, कंबर, मुंढा, बाहीची उंची, पुढचा-मागचा गळा, आणि शेजारी माप घेतल्याची तारीख. ही तारीख बहुतेक वह्यांत नसते. शिवाय कापडाचा तुकडा पावतीला टाचलेला हवा, म्हणजे एकाच घरचे चार ब्लाऊज पीस एकमेकांत मिसळत नाहीत.

ट्रायलला छाती इंचभर कमी पडली, तर दोन्ही कुशींची टीप पाव-पाव इंच बाहेर घेतात. पुढचा आणि मागचा भाग धरून चार ठिकाणी पाव इंच सुटतो, तो मिळून एक इंच. मात्र मुंढा वाढतो, म्हणून बाहीची खालची शिवणही तेवढीच उसवावी लागते. आत माया सोडलेली असेल तरच हे जमतं. म्हणून जुन्या मापावर कापताना माया जास्त ठेवावी, आणि मापाची तारीख त्यासाठीच लागते.

आता पैसे. गिऱ्हाईक लांबचं, तेव्हा सगळी शिलाई आगाऊ घ्यावी, असं आधी वाटतं. न नेलेला ब्लाऊज दुसऱ्या कुणाला होत नाही, त्यामुळे त्यात तथ्यही आहे. पण पूर्ण पैसे भरलेल्या माणसाला ट्रायलला येण्याची घाई उरत नाही; तो थेट चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी येतो, तेव्हा उसवायला वेळ नसतो. अ‍ॅडव्हान्स अस्तर आणि कापणी भागेल इतकाच बरा: इथे 250. बाकी 250 ट्रायलनंतर, कपडा नेताना. वाढीव काम निघालं, तर त्याची रक्कम ट्रायललाच सांगून गिऱ्हाइकाच्या आणि आपल्या, दोन्ही पावत्यांवर लिहावी. बाकी मिळाली की तारीख टाकून आडवी रेघ मारतात. मात्र कपडा नेला याची खूण वेगळी हवी, कारण पैसे एक जण देतो आणि कपडा न्यायला बऱ्याचदा शेजारचा मुलगा येतो.