ही गटचर्चा नव्हे, सभा होती

तुमचा अहवाल वाचला आणि ध्वनिमुद्रणही शेवटपर्यंत ऐकलं. वडवणी तालुक्यातल्या त्या तांड्यावर समाजमंदिरासमोर 19 ऊसतोड बाया बसवल्यात आणि त्याला गटचर्चा म्हणता? ऐकताना मी प्रत्येक आवाजापुढे खूण करत गेले. तोंड उघडलं फक्त 6 जणींनी. त्यातही निम्म्याहून जास्त वेळ बोलली एकटी मुकादमाची बायको. ‘उचल वेळेवर मिळते, कुणाला काही त्रास नाही’ हे तिचं वाक्य तुम्ही ‘महिलांचे मत’ म्हणून लिहून टाकलंत!

जिच्या घरावरची मुकादमाची उचल अजून फिटायची आहे, ती त्याच्या बायकोदेखत खाड्याच्या दंडाबद्दल बोलेल कशी? गट ठरवताना आधी हेच बघायचं असतं: कोण कुणाला घाबरतं. मुकादमाच्या घरच्या बायांशी बोलायचंच असेल तर त्यांची बैठक वेगळी घ्या. सुनेच्या गटात सासू नको. आणि विषय इतका नाजूक असताना 6 ते 8 जणीच बोलवा. त्याहून जास्त झाल्या की शेजारणींची कुजबुज सुरू होते, मागच्या रांगेतल्या बाया गप्प बसतात, आणि टेपवर कुठला आवाज कुणाचा हे कळत नाही.

यावर कडी म्हणजे, ‘कुणाकुणाची पिशवी काढली आहे, हात वर करा’ असं तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे बीडची चर्चा राज्यभर झाली, 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या दुखण्यावर तुम्ही चारचौघांत हात वर करायला लावता? गटात विचारायचं ते सगळ्यांचं: ‘फडात पाळीच्या दिवसांत बाया काय करतात? खाडा पडला तर काय होतं?’ जिची तिची शस्त्रक्रिया एकटीला, तिच्या संमतीने, दाराआड विचारायची.

समजा, मुकादमाची बायको नाही. तरी गटात एखादी बोलघेवडी निघेलच. तिला गप्प करू नका, ती रागावली तर बाकीच्याही आखडतात. येताच तिला स्वतःच्या शेजारी बसवा, समोर नाही. नजरानजर झाली नाही की तिचा जोर आपोआप उतरतो. तिने श्वास घेतला की म्हणा, ‘ताई, तुमचं लिहून घेतलं. कुणाचा अनुभव वेगळा आहे का?’ आणि मग थांबा. तुम्ही दोन सेकंदही शांतता सहन केली नाहीत, लगेच पुढचा प्रश्न टाकलात. गप्प बाईला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तिला तोडलंत.

‘80 टक्के महिलांना वाटते’ हे वाक्य आधी खोडा. गटचर्चेतून टक्केवारी निघत नाही. बाया अजून गावात आहेत, दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी निदान तीन छोटे गट नव्याने घ्या, आणि कुठल्या गटात कोण बसणार ती यादी परवा मला आणून दाखवा.