न पोहोचलेला नमस्कार

बेळगावच्या एका कचेरीत आमच्या खोलीत एक बधिर सोबती हिशेबाचे काम पाहत असत. त्यांचे मेज खिडकीकडे तोंड करून होते व दार त्यांच्या पाठीमागे होते. रोज सकाळी आम्ही दारातून आत येताना मोठ्याने ‘नमस्कार’ म्हणत असू आणि आपल्या जागेवर जाऊन बसत असू. ते कधी मान वळवीत नसत. ते बधिर आहेत हे आम्हांला ठाऊक होते. परंतु त्यांच्या कानाला यंत्र होते, म्हणून थोडेफार ऐकू येत असेल असे आम्ही धरून चाललो होतो. काही महिन्यांनी आमच्या मनात असेही येऊ लागले की, गृहस्थ जरा घमेंडी दिसतात.

एके दिवशी एक वही ठेवण्यासाठी आम्ही खिडकीच्या बाजूने त्यांच्यासमोर गेलो. नजरानजर होताच ते उठून उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि इतके मोकळेपणाने हसले की आम्हांला आश्चर्य वाटले. आम्ही कागद घेऊन त्यावर लिहिले, ‘आपण आजवर आमच्या नमस्काराचा स्वीकार का करीत नव्हता, हे कळल्यास बरे होईल.’ ते वाक्य त्यांनी पुष्कळ वेळ वाचले. मग त्याखाली कानडीत तीन लहान वाक्ये लिहिली. त्यांचा अर्थ असा: ‘तुम्ही मागून येता. मला दिसत नाही. समोरून या.’

त्या दिवसापासून एका प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला आहे. आदर मनात असला म्हणजे पुरे काय? आमच्या मनात तर त्यांच्याविषयी अनादर नव्हता. देव अंतःकरण पाहतो, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु आमचे सोबती देव नव्हते. त्यांना आमचे अंतःकरण दिसत नव्हते, आणि दार पाठीमागे असल्यामुळे आमचा चेहराही दिसत नव्हता.

ह्याविषयी विचार करताना लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एक आज्ञा आम्हांला आठवली. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, असे चौदाव्या वचनात सांगितले आहे. ही आज्ञा जरा चमत्कारिक वाटते. ज्याला ऐकूच येत नाही त्याचे शापाने काय बिघडणार? तरीही ती गोष्ट मना केली आहे, कारण त्याला ऐकू येत नाही ह्याच गोष्टीचा तेथे गैरफायदा घेतला जातो. बोलणाऱ्याला कसलीही झळ लागत नाही आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही. आता हेच आमच्या नमस्काराला लावून पाहा. आमच्या तोंडून शाप नव्हे तर चांगला शब्द निघत होता, हा भेद मोठा आहे. परंतु त्यालाही काही झळ लागत नव्हती आणि त्यालाही उत्तर देता येत नव्हते. आम्ही सभ्य आहोत हे समाधान मात्र आम्हांला रोज फुकट मिळत होते. आणि उत्तर आले नाही ह्याचा दोष आम्ही त्यांच्या पदरी टाकीत होतो.

नमस्कार ही दोघांची गोष्ट आहे. समोरच्याला तो मिळाला पाहिजे आणि परत करता आला पाहिजे. तोवर तो अर्धाच राहतो. एवढे पटले म्हणजे पुढचे सारे प्रश्न व्यवहाराचे उरतात. ते आम्हांला त्या सोबत्यांनीच हळूहळू शिकविले.

पहिली गोष्ट समोर येण्याची. पाठमोऱ्या बधिर माणसाला एकदम धरले तर तो दचकतो. म्हणून शक्य तर वळसा घालून त्याच्या नजरेच्या टप्प्यात यावे व हात हलकेच हलवावा. वळसा घालता येत नसेल, तर खांद्यावर एकदा हलकी थाप द्यावी किंवा मेजावर बोटांनी टकटक करावे. लाकडातून तो थरार हाताला कळतो. कागदाचा बोळा फेकणे किंवा हनुवटी धरून तोंड वळविणे हा अपमान आहे. समोर आल्यावर चार-पाच फुटांवर उभे राहावे आणि उजेड आपल्या चेहऱ्यावर पडू द्यावा. आमची येथेही चूक झाली. आम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहत होतो, त्यामुळे त्यांना आमच्या तोंडाच्या जागी नुसती काळी सावली दिसत होती. त्यांनी आमचे कोपर धरून आम्हांला दोन पावले बाजूला सरकविले, तेव्हा ते लक्षात आले.

ओठ पाहून सगळे कळते, ही समजूतही खोटी आहे. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘बाबा’, ‘पापा’ आणि ‘मामा’ असे म्हणून पाहा. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच हलतात. क, ख, ग हे वर्ण घशाजवळ उच्चारले जातात, ते ओठांवर दिसतच नाहीत. बधिर माणूस थोडे पाहतो आणि बाकीचे संदर्भावरून जुळवतो. २०२० साली साथीमुळे सर्वांच्या तोंडावर मुखपट्टी आली, तेव्हा त्यांचा हा थोडासा आधारही गेला. आपण ओरडलो तर ओठांचा आकार बिघडतो, आणि कानाचे यंत्र आवाज मोठा करते पण शब्द स्पष्ट करीलच असे नाही. म्हणून नेहमीच्या स्वरात, थोडे सावकाश आणि तोंडावर हात न ठेवता बोलावे.

दुसरी गोष्ट नजरेची, आणि येथे आपल्या घरच्या वळणाशी थोडा झगडा होतो. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवावी, असे आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून शिकविलेले असते. ते सोबती वयाने आमच्याहून मोठे होते, म्हणून आम्ही आदराने मान खाली घालून बोलत होतो. परंतु ऐकणाऱ्या माणसासमोर नजर खाली गेली तरी शब्द चालू राहतात. बधिर माणसासमोर नजर खाली गेली की बोलणेच संपते. वहीकडे पाहत बोलणे म्हणजे त्याच्यासमोर दार लावून घेण्यासारखे आहे. तेव्हा हेतू आदराचाच, पण त्याची रीत येथे उलटी होते. टक लावून पाहू नये. बोलत आहोत तोवर चेहरा समोर ठेवावा एवढेच. तिसरा मनुष्य सोबत असला तरी ‘ह्यांना सांगा’ असे त्याला म्हणू नये, ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याकडे पाहूनच बोलावे.

तिसरी गोष्ट खुणांची. हात जोडणे, हात वर करून हलविणे, पेला ओठांशी नेऊन चहाचे विचारणे, एवढ्याने सकाळची ओळख व आपुलकी नीट व्यक्त होते. परंतु आपल्या मनाच्या खुणांना सांकेतिक भाषा समजू नये. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. हातांनी बोललेली मराठी नव्हे. तिच्या शिक्षणासाठी व संशोधनासाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि ह्या केंद्राने तिचा कोशही तयार केला आहे. आम्ही त्या सोबत्यांना ‘नमस्कार’ आणि ‘आभार’ ह्यांच्या खुणा विचारल्या, तेव्हा त्यांनी त्या शिकविल्या आणि आमचा हात दोनदा दुरुस्त केला. आम्हांला चष्मा आहे, म्हणून चष्म्याच्या काडीला बोट लावण्याची एक खूण त्यांनी आमचे नाव म्हणून ठरविली. बधिर मंडळींत अशी खुणेची नावे देण्याची रीत आहे. ते नाव आपले आपण घ्यायचे नसते. ते त्यांनीच द्यावयाचे असते.

शेवटची गोष्ट चिठ्ठीची. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्याची हकिगत आहे. बाळाच्या सुंतेच्या दिवशी शेजारी व नातलग जमले आणि बापाच्या नावावरून बाळाचेही नाव ते जखऱ्याच ठेवणार होते. बाप तेथेच होता, पण त्याला कोणी विचारले नव्हते. आई नको म्हणाली तेव्हा कोठे त्यांनी त्याला खुणा करून विचारले. त्याने पाटी मागितली आणि बाळाचे नाव योहान असे लिहिले. आम्हांला ह्यात एक गोष्ट विशेष वाटते: पाटी आणि लेखणी जखऱ्याच्या हातात गेली. चिठ्ठीचे काम हेच आहे. आपण लिहून हुकूम द्यावा व कागद उचलून न्यावा, ह्यासाठी ती नाही.

आमची पहिली चिठ्ठी दोन कारणांनी फसली होती. आमचे सोबती मराठी घरातले. परंतु बधिरांच्या शाळेत ते कानडी लिहावयास शिकले होते. हे आम्ही आधी विचारावयास हवे होते. दुसरे असे की, जन्मापासून जो बधिर आहे त्याने भाषा कानांनी घेतलेली नसते. लांब, वळणावळणाचे वाक्य त्याला जड जाऊ शकते. ह्यात बुद्धीचा काही प्रश्न नाही. मोठेपणी ज्यांचे कान गेले त्यांना ही अडचण येत नाही. आता आम्ही लिहितो ते असे: ‘नमस्कार. काल आपण आला नाहीत. तब्येत कशी आहे?’ मग पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवतो आणि त्यांचे वाचून होईपर्यंत तोंड उघडत नाही, कारण डोळे एका वेळी कागद तरी पाहतील किंवा आम्हांला तरी. मोबाईलवर लिहून दाखविले तरी चालते, मात्र तो त्यांच्या हाती द्यावा.

आपले बोलणे पोहोचले की नाही, हे कसे ओळखावे? नुसती मान हलली व हसू आले, तर बहुधा पोहोचलेले नसते. पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच वाटून माणूस मान हलवून मोकळा होतो. म्हणून ‘होय’ म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न विचारावा: ‘चहा आता की अकराला?’

इतके शिकूनही आमच्या हातून एक चूक झाली. एका दुपारी कचेरीत कोणी विनोद केला व सगळे हसले. त्यांनी आमच्याकडे पाहून खुणेने ‘काय?’ असे विचारले. आम्ही हात हलविला, म्हणजे ‘काही नाही’. त्यांनी मान वळविली आणि पुन्हा हिशेबात डोके घातले. सकाळी केलेला नमस्कार त्या एका हातवाऱ्याने आम्ही परत घेतला होता. विनोद लिहून दाखविण्यास अर्धे मिनिट लागले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही तो लिहून दिला; ते वाचून त्यांनी खाली लिहिले, ‘काल हसलो असतो.’

आपल्या शब्बाथ शाळांतून मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय शिकविताना शिक्षक बहिऱ्याला ऐकू आले ह्या चमत्कारापाशी थांबतात. मुलांना त्याआधीच्या गोष्टीही दाखवाव्यात. प्रभूने त्या माणसाला लोकसमुदायातून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला आणि वर स्वर्गाकडे पाहिले. कान उघडण्यापूर्वीच त्या माणसाला हे सारे पाहून व स्पर्शाने कळत होते. त्याचे कान उघडण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. समोर येऊन उभे राहणे व पेन्सिल पुढे ठेवणे मात्र आम्हांला जमते, आणि उद्या सकाळी दहाला पाच मिनिटे असताना ते आम्हांला पुन्हा करावयाचे आहे.