दुपारी बऱ्या, सकाळी आजारी

‘नियम सगळ्यांना सारखा’ हे वाक्य मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यापासून इतक्या वेळा उच्चारले आहे, की त्याचा अर्थ तपासण्याची गरज मला कधी वाटली नाही. तो तपासायला लावला आमच्याच शाळेतल्या गणिताच्या बाईंनी. त्या हकीकतीत माझीही चूक आहे, म्हणून ती मीच सांगणे बरे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये, वेळापत्रक फळ्यावर लागले त्याच दिवशी, बाई माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, “सर, मला पहिला तास देऊ नका. आणि दहावीचा वर्ग जमलं तर खाली आणा.” वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काही मागितल्याचे मला आठवत नव्हते. कारण विचारल्यावर त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांची मुळे सुजलेली होती. डॉक्टरांनी आमवाताचे निदान केले होते. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती. दुसऱ्या दिवशी मळमळते, अंग गळून जाते, म्हणून ती त्या शनिवारी रात्री घेत. रविवार त्या गोळीच्या स्वाधीन.

मी “बघू” म्हणालो आणि शिक्षक-खोलीत जाऊन सगळ्यांसमोर बाईंच्या आजाराचे नाव सांगून टाकले. सहकाऱ्यांनी समजून घ्यावे, हा हेतू चांगला होता. पण ते नाव माझ्या मालकीचे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या हातांकडे, चालण्याकडे, जिना चढण्याकडे दहा जणांचे डोळे लागले.

आठवड्यातच विज्ञानाचे सर माझ्याकडे आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. “सर, काल दुपारी बाई जिना भराभरा चढल्या, मी पाहिलं. सकाळी पहिल्या तासालाच बरे सांधे दुखतात? आणि त्या स्वतःच म्हणाल्या, रक्तातला तो आमवाताचा घटक निगेटिव्ह आला.” मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर शंका माझ्याही मनात होती.

त्या रविवारी माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे, कोणाचे नाव न घेता, मी हा विषय काढला. त्यांनी सांगितले ते ऐकून मी ओशाळलो. वयोमानाने गुडघे झिजतात तेव्हा सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो आणि दुखणे वापराने वाढते. आमवाताचे उलटे आहे. तो शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतून उठलेला दाह आहे. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात चढतात, आणि सकाळी हाताची बोटे तासभर, कधी त्याहून जास्त, वळतच नाहीत. हालचाल होत गेली की दुपारपर्यंत माणूस मोकळा होतो. एखादा आठवडा बरा जातो, एखादा वाईट. रक्तातला तो घटक काही रुग्णांत सापडतच नाही, तरी आजार असतो.

म्हणजे ‘सकाळी आजारी, दुपारी बऱ्या’ हा ज्या गोष्टीचा पुरावा आम्ही खोटेपणाचा म्हणून मांडत होतो, तेच त्या रोगाचे मुख्य लक्षण होते!

वाचकहो, येथे मला खरा नैतिक प्रश्न दिसतो. दुसऱ्याच्या वेदनेबद्दल शंका घेणे हे पाप नव्हे. वेदना दिसत नाही, शंका येणारच. पण आपण शंका कोणत्या मापाने घेतो? आपल्या मनात आजारी माणसाचे एक चित्र असते. तो सतत कण्हतो, सकाळी जसा तसाच संध्याकाळी. त्या चित्रात न बसणाऱ्याला आपण ढोंगी ठरवतो. मग त्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: बऱ्या दिवशीही लंगडून दाखवणे, किंवा वाईट दिवशीही न मागणे. पहिली वाट त्याला खरोखर ढोंगी बनवते, दुसरी त्याला मोडते.

मी मग प्रश्नच बदलला. ‘बाई खरोखर किती आजारी आहेत?’ हे ठरवणे माझे काम नव्हे, ते डॉक्टरांचे. माझे काम हे की, गणित शिकवण्याला आवश्यक काय आणि केवळ सवयीचे काय? साडेनऊला पहिला तास घेणे ही सवय. दहावीचा वर्ग माडीवर असणे हीसुद्धा सवय. दहावीला प्रमेय समजणे, हे आवश्यक.

वेळापत्रक पुन्हा मांडले. बाईंचे आठवड्यात चार दिवस पहिले तास होते. ते काढून त्यांना शेवटचे तास दिले. शेवटचा तास कोणालाच नको असतो, कारण मुले दमलेली असतात. बाईंनी तो आपणहून मागितला. आठवी माडीवर गेली, दहावी खाली आली. शनिवारची आठ वाजताची शाळा अवघड होती. त्या दिवशी बाई वेळेवर येत, पण पहिले दोन तास वाचनालय सांभाळत आणि तिसऱ्या तासापासून शिकवत. भूमितीच्या रचना फळ्यावर काढणे मात्र त्यांना जमेना. मोठा कंपास बोटांत टिकत नसे. ते तास दुसऱ्या गणित शिक्षकांना द्यावे लागले. तो भार खरा होता, आणि तो नाही म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते.

येथे माझी दुसरी चूक. हे सगळे मी तोंडी केले होते. ऑक्टोबरमध्ये मी पंधरा दिवस रजेवर गेलो आणि परत आलो तो बाई सकाळी साडेनऊला माडीवर. माझ्या जागी काम पाहणाऱ्यांना काही ठाऊकच नव्हते. मेहेरबानी देणाऱ्याबरोबर रजेवर जाते, हे त्या दिवशी समजले. मग लेखी आदेश काढला. त्यात आजाराचे नाव नाही. फक्त कोणते तास, कोणता वर्ग, आणि तीन महिन्यांनी फेरविचार.

हे दयेचे काम नाही हेही मी उशिरा शिकलो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यात कर्मचाऱ्याला ‘वाजवी समायोजन’ देण्याचे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे आणि व्याख्येत अनुदानित संस्थाही येतात. संस्थेवर अवाजवी ओझे पडू नये, ही मर्यादा तोच कायदा घालतो. आमवाताचे नाव त्याच्या एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे नाही. पण सांध्यांच्या विकाराने हालचालीला कायमचा अडथळा येत असेल तर तो चलनविषयक दिव्यांगत्वात येऊ शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये, हाताच्या विकारामुळे लेखनिक मागणाऱ्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात, चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

“आणि कोणी खोटे बोलून सोय घेतली तर?” हा प्रश्न राहतोच. मी दोन चुका तागडीत घालतो. खोट्यावर विश्वास ठेवला तर शाळेचे काही तास जातात आणि तीन महिन्यांनी ते परत घेता येतात. खऱ्यावर अविश्वास दाखवला तर एक चांगली शिक्षिका जाते. ती परत येत नाही. बाईंनी शेवटचा तास देऊ केला म्हणून माझे काम सोपे झाले, पण बदल्यात द्यायला काहीच नसलेल्या माणसाचीही मागणी तितकीच खरी असते.

विज्ञानाचे सर आता पहिला तास घेतात. परवा म्हणाले, “सर, मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण तासाला जातो.” मी म्हणालो, तेवढे पुरे. सर्वांना पटेपर्यंत एखाद्याने जिना चढत राहावे, हा नियम सगळ्यांना सारखा असला तरी न्यायाचा नाही.