लाल शाई चुकीच्या जागी

मिहानमधल्या आयटी कंपन्यांत परदेशी ग्राहकाला जाणारी महत्त्वाची मेल बहुतेक वेळा आधी टीम लीडच्या नजरेखालून जाते. तिथे इंग्रजी तपासताना दोन ठिकाणी हात आपोआप थबकतो. ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये एखादं क्रियाविशेषण घुसलेलं दिसलं, म्हणजे ज्याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात ते, की ते तिथून उचललं जातं. वाक्य ‘ऑन’, ‘विथ’, ‘फॉर’ अशा प्रिपोझिशनवर संपलं की ते फिरवून लिहिलं जातं. शाळेत इंग्रजी मन लावून शिकलेल्यांच्या अंगात हे दोन संस्कार जास्तच मुरलेले असतात. माझ्या मते या दोन्ही चुका नाहीतच. शिवाय त्या ‘सुधारण्याच्या’ नादात अर्थ बिघडतो, तेव्हा मात्र खरी चूक जन्माला येते.

एक वाक्य घेऊ. सॉफ्टवेअरचा पॅच ग्राहकाकडे गेला, त्यात दोष निघाला आणि कारणमीमांसेच्या अहवालात कोणी लिहिलं: ‘द टीम फेल्ड टू कम्प्लीटली टेस्ट द पॅच.’ म्हणजे तपासणी झाली, पण पूर्ण झाली नाही. आता कडक तपासनीस ‘कम्प्लीटली’ला ‘टू’च्या अलीकडे ओढतो: ‘फेल्ड कम्प्लीटली टू टेस्ट.’ हे वाचणारा ग्राहक समजेल की तपासणी मुळी झालीच नाही. अर्धवट काम आणि न केलेलं काम यांत नुकसानभरपाईच्या बैठकीत केवढा फरक पडतो, हे ज्यांनी अशा बैठका अनुभवल्या आहेत त्यांना सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल की क्रियाविशेषण शेवटी न्या. ‘टू टेस्ट द पॅच कम्प्लीटली’ हे वाक्य निर्दोष आहे, आणि कर्म इतकं छोटं असेल तर मीही तेच लिहीन. पण अहवालातली कर्मं छोटी नसतात. ‘द पॅच दॅट द क्लायंट सेंट ऑन फ्रायडे’ एवढं लांबलचक कर्म आलं की शेवटचं ‘कम्प्लीटली’ लोंबकळत राहतं. तपासणी पूर्ण झाली नाही की क्लायंटने पॅच पूर्ण पाठवला नाही? क्रियाविशेषण क्रियापदाला अगदी खेटून असतं तेव्हा असा प्रश्नच उभा राहत नाही. इथे ‘टू’ आणि ‘टेस्ट’ यांच्या मधली जागा हीच त्याची सर्वांत स्वच्छ जागा आहे.

मग ती जागा निषिद्ध ठरली कशी? लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकाच शब्दाचा असतो, तो तोडता येत नाही, म्हणून इंग्रजांनीही तो तोडू नये असं ठरवलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण ज्यांनी सुरुवातीला ही बंदी घातली, त्यांच्या लेखनात हे कारण आढळत नाही. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४च्या आपल्या पुस्तकात या रचनेला नापसंती दाखवली, तीही फारसा तर्क न देता, इंग्रज असं बोलत-लिहीत नाहीत एवढ्याच आधारावर. प्रत्यक्षात चौदाव्या शतकापासूनच्या इंग्रजीत ही रचना सापडते. लॅटिनचा युक्तिवाद तसाही टिकणारा नाही, कारण इंग्रजीत ‘टू’ हा क्रियापदाचा तुकडा नव्हेच. ‘मेक हिम गो’ म्हणताना तो गळून पडतो आणि ‘गो’ शाबूत राहतं. आपलं ‘जायला’ किंवा ‘तपासणे’ मात्र खरोखर एकसंध आहे, त्याच्या पोटात काही शिरू शकत नाही. मराठी माणसाला ही बंदी इतकी सहज पटते, त्यामागे आपल्या भाषेची ही सवय असावी असं मला वाटतं.

प्रिपोझिशनच्या नियमाचा इतिहास अधिक मजेदार आहे. १६७२ मध्ये जॉन ड्रायडन यांनी बेन जॉन्सनच्या नाटकातल्या अशा वाक्यरचनेवर बोट ठेवलं आणि पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातली तशी वाक्यंही बदलून टाकली. नंतर बिशप रॉबर्ट लौथ यांनी १७६२च्या व्याकरणात जरा समजूतदार भूमिका घेतली: बोलण्यात हे चालतं, गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी आलेलं शोभतं. आपल्या भाषेचा याकडे ओढा आहे हे सांगणारं लौथ यांचं वाक्य खुद्द ‘टू’वरच संपत होतं, बहुधा मिश्कीलपणे. १७९५ मध्ये लिंडले मरे यांनी आपल्या व्याकरणात तो मजकूर घेतला, तेव्हा तेवढा ‘टू’ उचलून आधी आणून ठेवला. गंमत गेली, नियम उरला. मरे यांचं हे व्याकरण पुढे पाठ्यपुस्तक म्हणून जगभर गेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोरही मरे यांचाच नमुना होता. पण आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलेलं रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक शेवटी येणारं प्रिपोझिशन सरळ मान्य करतं. म्हणजे ही बंदी वर्गात आली ती बव्हंशी तोंडी, पुस्तकाच्या पुढे जाऊन.

आणि इथेच मराठी भाषकाचं खरं नुकसान होतं. ‘मी बसलेली खुर्ची’ असं म्हणताना ‘वर’ कुठे गेला, याची आपल्याला जाणीवही होत नाही. मराठीत त्याची गरजच पडत नाही. इंग्रजीत ‘द चेअर आय सॅट ऑन’ यातला ‘ऑन’ काढला की वाक्य मोडतं. आधीच मातृभाषा तो शब्द गिळायला शिकवते, वर बाई सांगतात की वाक्याच्या शेवटी तो ठेवायचा नाही. मग मेलमध्ये ‘द मॉड्यूल आय ॲम वर्किंग’ असं लिहिलं जातं. ही मात्र शंभर टक्के चूक आहे, आणि ‘ऑन’ शेवटी ठेवला की ती सुटते. दुसरी चूक अतिदक्षतेची: ‘द मॉड्यूल ऑन विच आय ॲम वर्किंग ऑन’. नियम पाळायला पहिला ‘ऑन’ आणि सवयीने दुसरा. माझ्या पाहण्यात हा दुहेरी ‘ऑन’ शिकलेल्यांच्या लेखनातच जास्त येतो.

काही वाक्यांत तर प्रिपोझिशन हलवायला दुसरी जागाच नसते. ‘द इश्यू हॅज बीन लुक्ड इनटू’ यातला ‘इनटू’ आधी न्यायचा प्रयत्न करून पाहा. कर्मणी रचनेत ‘लुक इनटू’ ही जोडी फुटत नाही. ‘प्लीज लॉग इन’ यातला ‘इन’ तर प्रिपोझिशनच नव्हे, तो त्या क्रियापदाचाच भाग आहे. तरी त्यावरही लाल रेघ पडते, कारण तपासणारा शेवटच्या शब्दाचं रूप बघतो, त्याचं काम बघत नाही.

एवढं म्हटल्यावर मर्यादाही सांगायला हव्यात. ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये चार-पाच शब्द कोंबले की वाचणारा क्रियापदाची वाट बघत बसतो. ते वाक्य वाईटच, फक्त त्याचं कारण लांबी आहे. औपचारिक करारात ‘टू हूम’, ‘इन विच’ अशी रचना अजूनही शोभून दिसते. आणि जुन्या शिस्तीचे वाचक आहेतच. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ने २०१८ पर्यंत आपल्या लेखकांना स्प्लिट इन्फिनिटिव्ह टाळायला सांगितलं होतं, बंदी निरर्थक आहे हे मान्य करूनसुद्धा, केवळ अनेक वाचकांना ते खुपतं म्हणून. तुमचा ग्राहक तसा निघाला तर क्रियाविशेषण इकडून तिकडे सरकवत बसू नका, वाक्यच नव्याने बांधा. वरच्या अहवालात ‘कम्प्लीटली’ काढून लिहिता येईल: ‘द टीम टेस्टेड ओन्ली पार्ट ऑफ द पॅच.’ कोणता भाग तपासला आणि कोणता राहिला, हे मग पुढच्या ओळीत लिहावं लागेल, आणि ग्राहकाला हवं असतं ते तेच.