जमीन, पाणी आणि पाहुणा

महाभारतातल्या विदुरनीतीत आतिथ्याबद्दल एक उपदेश आहे. चार गोष्टी सज्जनाच्या घरात कधीच संपत नाहीत, असं विदुर सांगतो: बसायला गवताचं आसन, टेकायला जमीन, प्यायला पाणी आणि चौथी म्हणजे गोड बोलणं. अन्नाचं नाव या यादीत नाही. घरात धान्य नसेल तर लाजू नका, निदान एवढं तरी द्या आणि हे तर गरिबातल्या गरिबाकडेही असतंच, असा त्याचा रोख आहे.

अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या वन बीएचकेत उभं राहून ही यादी आठवली, की दिसतं ते असं. जी जमीन आणि जे पाणी विदुराने फुकट धरलं, त्यांचाच आज सगळ्यात जास्त तुटवडा आहे. ज्याची त्याला काळजी वाटत होती, ते अन्न मात्र आता सोपं झालं आहे. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून दहा मिनिटांत चार माणसांचं जेवण येतं. आपल्या म्हणी आणि आपली घरं यांचं आज जे पटत नाही, त्याचं मूळ मला या उलथापालथीत दिसतं. ‘माणसं आटली, मनं लहान झाली’ ही नेहमीची तक्रार मला म्हणूनच खरी वाटत नाही.

‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण घ्या. घोड्याला चारा कुठून आणायचा, ही त्या घरमालकाची चिंता आहे. घोडं बांधायचं कुठे, हा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण अंगण आहे, गोठा आहे. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण तर उघडच जागेची आहे. पण तीही ओसरी गृहीत धरून चालते. ओसरी म्हणजे घराचाच भाग, पण घराच्या आत नसलेला. तिथे कुणी दोन दिवस पडून राहिलं तरी माजघरातल्या बाईची झोप, मुलांचा अभ्यास, न्हाणीघराची वेळ यांना धक्का लागत नसे. फ्लॅटमध्ये दार उघडलं की पाहुणा थेट घराच्या मध्यावर येतो. त्याला टेकवायला अलीकडचं, अधलंमधलं असं काही उरलेलं नाही.

ओसरीचं कौतुक मात्र जपून करायला हवं. कुणी ओसरीवर बसायचं, कुणी अंगणातच उभं राहायचं आणि कुणी वेशीपलीकडे थांबायचं, हे जात ठरवत असे. देवासारखा मानला जाणारा अतिथी कोण, हेही त्याच हिशेबाने ठरे. फ्लॅटच्या हॉलला असे टप्पे नाहीत. ऑफिसातला मित्र, मुलाच्या वर्गातला मुलगा, गावाकडचा चुलता, सगळे त्याच एका सोफ्यावर बसतात. हा फरक मोलाचा आहे. शिवाय ओसरीवर पाहुणचार रंगत असताना आत चुलीपुढे कोण होतं, हे या म्हणी सांगत नाहीत. ‘अतिथी देवो भव’ म्हणायचं पुरुषांनी आणि त्या देवाचा नैवेद्य रांधायचा बाईने, अशी ती वाटणी होती. आज तीच बाई सकाळच्या लोकलने मुंबईला जाते आणि रात्री आठला परतते. तिने पूर्वीइतकंच हसून दार उघडावं अशी अपेक्षा ठेवणारा समाज आपल्या म्हणी अर्ध्याच वाचतो.

आता आजचा खरा पाहुणा कोण ते पाहू. मे महिन्यात भाचरं येऊन राहण्याचे दिवस कमी झाले. बदलापूर-अंबरनाथमध्ये लांबून येऊन मुक्काम करणारा पाहुणा बहुधा दवाखान्यासाठी येतो. परळचं टाटा रुग्णालय, केईएम, जेजे ही नावं खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतात. मुंबईत जवळचं कुणी नसतं, पण बदलापूरला भाचा असतो. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९८ हजारांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. वाढलेल्यांत मुंबईत परवडेना म्हणून इथे घर घेतलेली कुटुंबं फार आहेत, आणि गावाकडच्या नातेवाइकांच्या लेखी त्या प्रत्येक कुटुंबाचा पत्ता ‘मुंबई’च असतो.

समजा, चाळीसगावकडचे मामा आणि मामी अशा भाच्याकडे आले. मामांना रेडिएशन सुरू आहे, आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. भाच्याचं घर वन बीएचके, कार्पेट साडेतीनशे-पावणेचारशे चौरस फूट. घरात नवरा-बायको, आई आणि दहावीतला मुलगा. हॉल दहा बाय तेराचा. सोफा, टीव्हीचं कपाट, चपलांचा स्टँड आणि आत जायची वाट सोडली तर जमिनीवर जेमतेम दोन गाद्या पडतात. मुलगा एरवी हॉलमध्ये अभ्यास करतो, तो आता स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल ओढून बसतो. तरी जागेचं कसंबसं जमतं. खरी कोंडी होते ती सकाळी. संडास-बाथरूम एकच. माणशी पंधरा मिनिटं धरली तर चौघांना एक तास लागत होता, आता सहा जणांना दीड तास लागतो. भाच्याला साडेसहाची लोकल गाठायची असते आणि पाण्याची वेळही तीच. या दीड तासातला अर्धा तास कुठूनही उसना आणता येत नाही. त्यामानाने जेवणाचा भार काय? आठ-दहा पोळ्या जास्त, वाटीभर डाळ-तांदूळ जास्त.

अशा घरात बिनसतं ते भांडणाने क्वचितच. मामी पहाटे चारला उठून आंघोळ उरकू लागते, म्हणजे कुणाला अडचण नको. रात्री संडासला जाताना कुणाची झोप मोडू नये म्हणून मामा संध्याकाळनंतर पाणी पिणं टाळतात, आणि उपचार चालू असलेल्या माणसाला ते घातक असतं. मुलगा मित्राकडे अभ्यासाला जातो आणि उशिरा परततो. सून ‘अहो मामी, राहू द्या, मी करते’ असं दर वेळी म्हणते आणि दर वेळी आवाज थोडा चढा लागतो. प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळून घेत असतो, आणि बोलत मात्र कुणीच नसतं.

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण इथे सगळ्यांच्या मनात असते, आणि माझ्या मते इथेच ती सर्वांत चुकीची वापरली जाते. ती पाहुण्याला सांगितलेली आहे: यजमानाच्या भिडेचा फायदा घेऊ नकोस. यजमानाने ती पाहुण्यावर उगारायची नसते, आणि कॅन्सरच्या रुग्णाला तर ती लागूच पडत नाही. त्याच्या मुक्कामाची लांबी त्याच्या अकलेने ठरत नाही, डॉक्टरने ठरते. या म्हणीतून घेण्यासारखं एवढंच की पाहुणेपणाला मुदत असते. तिसऱ्या दिवसानंतर माणसाने एक तर निघावं, नाही तर पाहुणा राहू नये, घरचा व्हावं. मामीने पोळ्या लाटाव्यात, भाजी निवडावी आणि सुनेने ते बिनसंकोच होऊ द्यावं. आंघोळीच्या वेळा पहिल्याच रात्री सगळ्यांनी बसून ठरवाव्यात. मामांनी रेडिएशनच्या तारखांचा कागद भाच्याला आधीच दाखवावा. पाहुण्याला काम सांगणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. दीड महिन्याच्या मुक्कामात मात्र काम न सांगणं हेच त्याला परकं ठेवणं ठरतं.

उल्हासनगरकडे पाहिलं की आतिथ्य जागेप्रमाणे स्वतःला कसं बेतून घेतं ते कळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. एकेका बराकीत अनेक कुटुंबं राहत होती. तिथे कुणी कुणाला मुक्कामाला बोलवावं? पण सिंधी घरात गेलात तर आधी पाणी आणि भाजलेला पापड समोर येतो. ही रीत सिंधमधूनच आलेली, उन्हातून आलेल्याची तहान जाणणारी. गवत, जमीन, पाणी, बोलणं या चौकटीत ती बसते आणि हातभर जागेतही पार पडते. दहा मिनिटांत उठणाऱ्या पाहुण्याचाही त्यात पुरता मान राहतो. आपल्या ‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’मध्येही हेच आहे. छोट्या घराला शोभणारं हे आतिथ्य कमअस्सल मानू नये.

मुक्कामाचा प्रश्न मात्र चहाने सुटत नाही. तो एकट्या घराने कधी सोडवलाही नव्हता. गावात देऊळ होतं, धर्मशाळा होती. गाडगे महाराजांनी पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा आज मुंबईत उपचारांना आलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. २७ तारखेला त्यातल्या हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं. त्यांना आधी मदत पोहोचवणाऱ्यांत आसपासचे गावकरी होते, आणि पुढे बदलापुरातल्या एका मंगल कार्यालयात त्यांच्या विसाव्याची सोय झाली. हजार माणसं कुणाच्या हॉलमध्ये मावली नसती. गावाला एक सामायिक छप्पर होतं, म्हणून ते निभावलं.

आपल्या सोसायट्यांत असं छप्पर का नसावं? नव्या संकुलांच्या जाहिरातीत जिम असते, तलाव असतो, पाहुण्यांची खोली नसते. ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीत संडास-बाथरूमसह एक दहा बाय बाराची खोली राखली आणि दर घराने महिना पन्नास रुपये दिले, तर चार हजार रुपये जमतात. सफाई आणि वीजबिल त्यात भागावं. आक्षेप येतीलच. अनोळखी माणसं येतील, कुणी महिनोन् महिने अडवून बसेल, वापरून खोली घाण करील. त्यावर नियम करता येतात: खोली सभासदाच्याच नावावर द्यावी, ओळखपत्राची नोंद ठेवावी, एरवी तीनच रात्री द्याव्यात. तिसऱ्या दिवसाची म्हण इथे नियम म्हणून खुशाल वापरावी, फक्त रुग्णालयाचा कागद असलेल्याला तिच्यातून वगळावं. मामा-मामी जेवायला वर भाच्याकडे येतील, झोपायला खाली जातील, आणि रात्री मामा पोटभर पाणी पिऊ शकतील. जुन्या इमारतींत वेगळी खोली निघणार नाही, पण तिथेही तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस बहुधा असतं आणि ते रात्री बंद असतं. त्याला एक बाथरूम जोडायचं की नाही, हा विषय येत्या वार्षिक सभेत कुणीतरी मांडायला हवा.