शेवटच्या ओळीतली रक्कम

चाकणच्या एका कारखान्यातून शुक्रवारी सकाळी वित्तप्रमुखांना गेलेला हा मेल पाहा. उदाहरण मी रचलेले आहे आणि आकडेही माझेच आहेत, पण आयातीचे काम केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट, कृपया लक्ष द्यावे’ एवढेच आहे. पुढे मजकूर असा:

‘सर, नमस्कार. आपण मंजूर केलेल्या ऑर्डरप्रमाणे बेअरिंगचा कंटेनर न्हावाशेवाला पोहोचला आहे. सप्लायरच्या इनव्हॉइसमध्ये दुरुस्ती करावी लागल्यामुळे बिल ऑफ एन्ट्री तपासणीत अडकले होते. एजंटमार्फत सतत पाठपुरावा केल्यावर काल ते ड्युटी भरण्यासाठी परत आले आहे. ड्युटी वेळेत न भरल्यास व्याज व दंड लागू शकतो, तसेच उत्पादनावरही परिणाम होण्याची शक्यता आहे. शिपिंग लाइनचे व एजंटचे चार्जेसही द्यायचे आहेत. एजंटचे नवीन बँक डिटेल्स सोबत जोडले आहेत. तरी एकूण रु. १३,२१,८९२ तातडीने मंजूर करावेत, ही विनंती.’

यात खोटे काही नाही. भाषा नम्र आहे, व्याकरणही ठीक आहे. तरीही हा मेल संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहण्याची शक्यता मोठी. वित्तप्रमुख मीटिंगमध्ये बसलेले असतात. त्यांच्या फोनवर पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि पहिली ओळ दिसते. पहिल्या ओळीतून कळते ते इतकेच, की कंटेनर पोहोचला. ही तर चांगली बातमी झाली. मेल नंतर वाचला तरी चालेल, असे त्यांना वाटले तर त्यांचा दोष नाही.

मजकूर असा उलटा का लिहिला जातो? एक कारण सवयीचे आहे. जे जसे घडले तसे सांगायचे आणि मागणे शेवटी ठेवायचे, ही अर्ज लिहिण्याची आपली शाळेपासूनची रीत. वरिष्ठांपुढे आधी पैशाचा आकडा टाकणे उद्धटपणाचे वाटते. पण माझ्या मते खरे कारण दुसरे आहे. मेलचा पहिला अर्धा भाग विनंती नाहीच, तो बचाव आहे. उशीर माझ्यामुळे झाला नाही, सप्लायरमुळे झाला, मी तर पाठपुरावा करत होतो, हे लिहिणाऱ्याला आधी सांगायचे आहे. ते सांगून झाल्यावर मग उरलेल्या जागेत रक्कम येते. वाचणाऱ्याला मात्र अपराधी कोण याच्याशी त्या क्षणी कर्तव्य नसते. किती, कोणाला, कधीपर्यंत आणि नाही दिले तर काय, एवढेच त्याला हवे असते.

या चार गोष्टी उचलून वर ठेवा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. वरचा मेल घेऊन प्रत्यक्ष तसे करून पाहिले की लक्षात येते, उचलायला त्या गोष्टी मजकुरात धड नाहीतच.

रक्कम घ्या. तेरा लाख एकवीस हजारांचा आकडा एकसंध दिसतो, पण त्यात दोन वेगळे भरणे आहेत. ११,८६,३९२ रुपये सीमाशुल्क सरकारला जायचे आहे, आणि १,३५,५०० रुपये शिपिंग लाइनचे, कंटेनर यार्डाचे व एजंटचे मिळून एजंटच्या खात्यात. दोन्हींची घाई सारखी नाही आणि धोकाही सारखा नाही. शिवाय सीमाशुल्कातले ८,३३,४९० रुपये आयजीएसटीचे आहेत आणि त्याचे क्रेडिट कंपनीला मिळणार आहे. म्हणजे खर्च म्हणून अंगावर बसतो तो साडेतीन लाखांचा भाग, बाकीचा प्रश्न आजच्या रोकडीचा. मंजुरी देणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे आणि मूळ मेलमध्ये त्याचा मागमूस नाही.

‘कोणाला’ या प्रश्नाने तर मेलचे दोन तुकडेच पडतात. सीमाशुल्क आइसगेटवरून कंपनी स्वतःच्या खात्यातून थेट भरू शकते. तिथे पैसे भलत्याच्या हाती पडण्याची भीती जवळजवळ नाही. एजंटच्या बाबतीत मात्र ‘नवीन बँक डिटेल्स’ हे तीन शब्द आहेत, आणि साऱ्या मेलमध्ये सर्वांत महत्त्वाचे शब्द तेच. वर्षानुवर्षे ज्या खात्यात पैसे जात होते ते खाते नेमके घाईच्या दिवशी बदलले असेल, तर पैसे थांबवून आधी चौकशी करायची असते. लिहिणाऱ्याने ते सहज, ओघात लिहून टाकले आहे. पैसे घेणाऱ्याचे नाव आणि खाते पहिल्या ओळींत लिहायची सक्ती असती, तर त्याचा हात तिथेच थबकला असता.

मुदतीचेही तसेच. अधिकाऱ्याने तपासून परत पाठवलेल्या बिल ऑफ एन्ट्रीवरचे शुल्क, सुट्ट्या वगळून, एका दिवसात भरायचे असते. ते गुरुवारी परत आले, म्हणजे कायद्याची मुदत शुक्रवार. पण कारखान्याची खरी मुदत शुक्रवार दुपारी तीन ही आहे, कारण बँकेच्या पोर्टलवर दुसरी मंजुरी देणारे अधिकारी त्यानंतर प्रवासात असतील. बँक बंद होईल हे कारण आता सांगता येत नाही. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालू असते. अडतो तो माणूस, आणि तो कुठे अडेल हे विनंती करणाऱ्यालाच माहीत असायला हवे.

सगळ्यात बोलका प्रकार जोखमीचा. ‘व्याज व दंड लागू शकतो’ हे वाक्य भीती घालण्यासाठी टाकलेले आहे. हिशेब करून पाहू. उशिरा भरलेल्या सीमाशुल्कावर व्याज वर्षाला १५ टक्के दराने लागते. ११,८६,३९२ रुपयांवर ते दिवसाला ४८८ रुपये होते. शुक्रवारऐवजी सोमवारी भरले तरी दीड हजाराच्या आत. एवढ्यासाठी कोणी वित्तप्रमुख मीटिंग सोडून उठणार नाही, आणि उठूही नये. खरी जोखीम मेलमध्ये जिथे मोघम सोडून दिली आहे तिथे आहे. शिपिंग लाइनने कंटेनर वापरायला दिलेले मोफत दिवस शनिवारी संपतात. रविवारपासून डिटेन्शन सुरू होते, समजा दिवसाला साडेसात हजार. आणि स्टोअरमध्ये फोन केला तर कळते, की हाताशी असलेली बेअरिंग मंगळवारच्या दुसऱ्या पाळीपर्यंत पुरतील. बुधवारी सकाळी लाइन थांबते. ‘उत्पादनावर परिणाम होण्याची शक्यता’ आणि ‘बुधवारी सकाळी लाइन २ थांबेल’ ही एकाच गोष्टीची दोन रूपे नाहीत. पहिले वाक्य लिहायला काहीच माहिती लागत नाही, दुसऱ्यासाठी स्टोअरकीपरला विचारावे लागते.

हे सगळे विचारून झाल्यावर मेल असा होतो. विषय: ‘मंजुरी हवी, आज दुपारी ३ पर्यंत: सीमाशुल्क रु. ११,८६,३९२’. मजकूर:

‘सर, बेअरिंगच्या कंटेनरचे रु. ११,८६,३९२ सीमाशुल्क आज दुपारी ३ पर्यंत भरायला आपली मंजुरी हवी. रक्कम आपल्या खात्यातून आइसगेटवर थेट सरकारकडे जाईल. यातल्या रु. ८,३३,४९० आयजीएसटीचे क्रेडिट मिळेल. आज चुकल्यास भरणा सोमवारी होईल. व्याज सुमारे दीड हजार. रविवारपासून डिटेन्शन रोज सुमारे साडेसात हजार. माल मंगळवारी रात्रीपर्यंत न आल्यास बुधवारी सकाळी लाइन २ थांबेल. एजंटचे रु. १,३५,५०० यात धरलेले नाहीत. त्यांनी खाते बदलल्याचे कळवले आहे; आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करतो आणि वेगळी विनंती पाठवतो. ते दिल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर मिळणार नाही, म्हणून तीही आजच येईल. बिल ऑफ एन्ट्री, चलन व ऑर्डरची प्रत जोडली आहे.’

उशीर का झाला हे यात नाही. विचारले तर सांगता येईल.

आता एक आक्षेप, आणि तो मला गंभीर वाटतो. रक्कम, खाते, मुदत, धोका हा नेमका भामट्यांच्या मेलचाही साचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून जास्त रुपयांची फसवणूक झाली. कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आले आणि त्यांत दिलेल्या खात्यांवर पैसे पाठवले गेले. असे संदेश आटोपशीर असतात, त्यांत पाल्हाळ नसतो. मग सगळ्यांनीच तसे लिहायला सुरुवात केली तर खरे-खोटे ओळखायचे कसे?

लेखनाच्या शैलीवरून ओळखता येणार नाही, हे मान्य करायला हवे. पण भामटा पुरवू शकत नाही अशा गोष्टी आहेत. त्याच्याकडे कंपनीच्या मंजूर ऑर्डरचा नंबर सहसा नसतो, आणि त्याने सांगितलेले खाते व्हेंडर मास्टरमध्ये नसते. मुख्य म्हणजे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, असे तो कधी सांगणार नाही. म्हणून पैसे घेणाऱ्याची ओळ नुसत्या नावाने पूर्ण होत नाही. खाते नेहमीचेच आहे की बदललेले, आणि बदलले असेल तर कोणी, कोणत्या नंबरवर बोलून खात्री केली, हे तिथेच लिहिलेले असले पाहिजे. मेलच्या तळाशी छापलेल्या नंबरवर फोन करून काही उपयोग नाही; मेल बनावट असेल तर नंबरही भामट्याचाच असतो. घाईच्या विनंतीत ही ओळ सर्वांत आधी गळते आणि सर्वांत जास्त गरज तिचीच असते.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम वरिष्ठांना कदाचित रुचणार नाही. तारखा वर आल्या की ही तातडी कशी तयार झाली तेही उघडे पडते. सर्वसाधारणपणे जहाज बंदरात येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री दाखल करावे लागते, आणि शुल्काचा अंदाज तर ऑर्डर देतानाच येतो. मग शुक्रवारच्या दुपारी घामाघूम होण्याची पाळी का येते? तपासणीत बिल अडकणे कोणाच्या हाती नसते, हे खरे. पण पुष्कळदा अंदाजे रक्कम आठवडाभर आधी कळवलेली नसते, कारण आधी कळवलेल्या विनंतीकडे कोणी पाहत नाही आणि ‘अर्जंट’ लिहिले की सही होते. खालच्या माणसांना ही सवय वरूनच लागलेली आहे.

तेव्हा विनंती लिहिणाऱ्यांपेक्षा माझे सांगणे सही करणाऱ्यांना जास्त आहे. ज्या मेलमध्ये बुधवारी काय थांबेल ते लिहिलेले नाही, आणि ज्यात बदललेल्या खात्याची खात्री कोणी केली त्याचा उल्लेख नाही, तो मेल कितीही तातडीचा असला तरी एका ओळीच्या प्रश्नासह परत पाठवा. सही त्याचे उत्तर आल्यावर करा.